सप्तमीच्या रात्री पौर्णिमा कशाला?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ मधील ‘विक्रम’ चंद्रावर उतरला. अशा दिवशी समाजमाध्यमांवर एका ठरावीक धाटणीचे छायाचित्र हमखास अवतरते. रात्रीची वेळ, गच्चीवर हाती तिरंगा घेतलेला विद्यार्थी आणि त्याच्या खांद्यामागे परातीएवढा पूर्णचंद्र. चित्र मनोहर असते, पण त्यातला चंद्र त्या रात्रीचा नसतो.

छायाचित्रात मागाहून चंद्र बसवणे यात मुळीच गैर नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रात्री माणूस आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी नीट टिपता येत नाहीत, हे कोणीही करून पाहावे. आक्षेप आहे तो दुसऱ्या कोणत्या तरी रात्रीचा चंद्र आणून चिकटवण्याला. आकाशातला चंद्र हा तारीख, वेळ आणि ठिकाण सांगणारा पुरावा असतो. विज्ञानाच्या बातमीसोबत फिरणाऱ्या चित्रात तोच खोटा असेल, तर बातमीचा अर्थही पुसला जातो. २३ ऑगस्टच्या बाबतीत नेमके हेच घडते.

त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनात पडलेले बारा अंशांचे अंतर. म्हणून सप्तमीला हा कोन ७२ ते ८४ अंशांच्या दरम्यान असतो. अवतरणाच्या वेळी तो ऐंशीच्या आसपास होता, आणि त्या कोनाला चंद्रबिंबाचा साधारण ४० टक्के भाग प्रकाशित दिसतो. म्हणजे अर्ध्यालाही किंचित कमी. हा योगायोग नव्हता. ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ सौरऊर्जेवर चालणार होते आणि त्यांच्या हाती चंद्रावरचा एकच दिवस, म्हणजे पृथ्वीवरचे सुमारे १४ दिवस होते. त्यामुळे अवतरणस्थळी नुकताच सूर्योदय झालेला असणे आवश्यक होते. ते स्थळ चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूवर, पूर्वेच्या अर्ध्या भागात आहे. तेथे पहाट होते तेव्हा पृथ्वीवरून चंद्र अष्टमीच्या अलीकडचाच दिसणार. खांद्यामागे पूर्णचंद्र लावणारा माणूस नकळत असे सांगत असतो की यान आठवडाभर उशिरा, तेथील दुपारी, निम्मा दिवस वाया घालवून उतरले.

आता आकार. चंद्रबिंबाचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असतो. याचा सोपा अर्थ असा की कोणत्याही अंतरावरची वस्तू त्या अंतराच्या एकशे दहाव्या भागाएवढी असेल, तर ती चंद्राएवढी दिसते. गच्चीवरचा विद्यार्थी कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर उभा असेल, तर हे माप २.७ सेंटीमीटर येते. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. तेव्हा विद्यार्थ्याने चेहऱ्याशेजारी नाणे धरावे. चित्रात ते जेवढे दिसेल तेवढाच चंद्र, त्याहून मोठा नाही. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातील चार हजार पिक्सेल लांबीच्या चित्रात हा व्यास जेमतेम २५ ते ३० पिक्सेल भरतो.

मग माणसाएवढ्या चंद्रासमोर उभ्या आकृतींची खरी छायाचित्रे कशी निघतात? तिथे माणूस जवळ नसतोच. एक मीटर सत्तर सेंटीमीटर उंचीची व्यक्ती चंद्राएवढी दिसायची, तर ती सुमारे १९० मीटरवर उभी असावी लागते आणि मोठ्या टेलिफोटो भिंगाने टिपावी लागते. अशा चित्रात त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरचे हसू दिसत नाही. हसूही स्पष्ट आणि चंद्रही परातीएवढा, असे दिसले की जोडकाम ओळखावे.

स्थानाचे गणित याहून रंजक आहे. समजा, छायाचित्र बंगळुरूत रात्री नऊ वाजता काढले आहे. त्या वेळी तेथे चंद्र नैर्ऋत्येस, क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर होता. हात पूर्ण लांब केला की मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर अडीच मुठी. दिल्लीत त्याच क्षणी तो अठरा अंशांच्या आसपास आलेला होता, कारण सप्तमीचा हा चंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. ‘स्टेलेरियम’ या संगणकीय तारांगणात गाव, तारीख आणि वेळ भरली की हे आकडे क्षणात मिळतात. बंगळुरूच्या चित्रात कॅमेरा छातीशी, जमिनीपासून १.४ मीटरवर, सरळ धरलेला असेल, तर तीन मीटरवरील विद्यार्थ्याच्या जागी २५ अंशांची रेषा आणखी १.४ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून २.८ मीटरवर पोहोचते. चंद्र त्याच्या डोक्यावर मीटरभर उंच हवा, आणि तोही कॅमेऱ्याचे तोंड नैर्ऋत्येकडे असेल तरच. खांद्यालगतचा चंद्र म्हणजे मावळायला टेकलेला चंद्र; आणि त्या रात्री तो मावळायला अद्याप दोन तासांच्या आसपास अवकाश होता. प्रकाशित बाजू अर्थातच मावळलेल्या सूर्याच्या दिशेला, म्हणजे उजवीकडे आणि खाली झुकलेली. इंटरनेटवरून उतरवलेला अर्धचंद्र बहुधा सरळ उभा असतो. तो फिरवून बसवण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

सर्वांत ठळक चूक मात्र चंद्राच्या अंधाऱ्या भागात होते. अर्धचंद्र चिकटवताना त्याची काळी बाजूही सोबत येते आणि शहराच्या निळसर-तांबूस आकाशावर काळी चकती उमटते. प्रत्यक्षात आकाशाची ती झळाळी आपल्या वातावरणातली, चंद्राच्या अलीकडची असते. म्हणून चंद्राचा अंधारा भाग सभोवतालच्या आकाशाहून काळा कधीच दिसू शकत नाही. चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चंद्राचा थर Screen या पद्धतीने मिसळला की काळा भाग आपोआप आकाशात विरतो. कारण त्यात प्रकाश मिळवला जातो, झाकला जात नाही. ढग असतील तर ते चंद्राच्या पुढे यावेत, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

आणि इथे एक अडचण उरते, तिच्यावर पळवाट नाही. चंद्राचा पृष्ठभाग म्हणजे उन्हातला खडक. रात्री माणसाचा चेहरा उजळ यावा म्हणून कॅमेरा जेवढा प्रकाश गोळा करतो, त्यापुढे अर्धा चंद्रही हजारपटीच्या घरात अतिप्रकाशित होतो. त्याच्यावरचे डाग, विवरे सगळे जळून जाते आणि उरतो तो कडा पसरलेला पांढरा ठिपका, ज्यावरून कलासुद्धा जेमतेम कळावी. तेव्हा पुरता खरा चंद्र बसवला, तर पाहणारा म्हणेल, ‘हा तर रस्त्यावरचा दिवा!’ डाग दिसतील इतका तो मंद करावा, तर एवढी तडजोड मान्य करावी लागते. ही सूट देण्यास हरकत नसावी, कारण स्वतंत्रपणे, कमी प्रकाशात टिपलेल्या त्याच रात्रीच्या चंद्राचे ते खरे रूप असते. त्यासाठी चित्राखाली ‘चंद्र त्याच रात्रीचा, वेगळा टिपून जोडलेला’ एवढी एक ओळ पुरे. आकार, कला आणि जागा यांना मात्र अशी कोणतीही सबब नाही. ती तिन्ही पंचांग, नाणे आणि मूठ यांच्या साहाय्याने शाळकरी मुलालाही काढता येतात.