आधी काळा मोती

जपानच्या निकोली प्रकाशनाचे ‘मास्यू’ हे मोत्यांचे कोडे मी नांदेडला आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडले. चौकोनांतून आडवी-उभी रेघ नेत सगळे मोती ओवायचे आणि एकच बंद माळ करायची. काळ्या मोत्यावर रेघ वळते, पण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकोनातून सरळच जाते. पांढऱ्या मोत्यातून ती सरळ जाते, मात्र आधीच्या किंवा नंतरच्या चौकोनात वळतेच.

दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात काळा मोती होता. एका मुलीने रेघ वर नेली. “बेटा, वर एकच चौकोन आहे. त्यातून सरळ जाणार कुठे?” डावीकडेही तीच अडचण. म्हणून उजवीकडे दोन घरे आणि खाली दोन घरे, एवढे पक्के झाले.

त्याच ओळीत चौथ्या रकान्यात पांढरा मोती होता. तिसऱ्या रकान्यातून रेघ सरळ आली, तिथे वळण नाही. मग पाचव्यात वळण आलेच. ते वर की खाली, हे मात्र अजून ठरत नाही. तिथे अंदाज करू नका, दुसरा मोती पाहा. अंदाजाने ओढलेली माळ बरेचदा काही मोती बाहेर ठेवूनच बंद होते. मग चूक कुठल्या घरात झाली, हेच सापडत नाही.