खातेउतारा पाठवताय? वादाच्या नोंदी रंगवा, पण शेराही लिहा!

मार्च संपला की पुरवठादार ग्राहकाला खातेउतारा पाठवतात. खाली ठरलेली ओळ असते, ‘७ दिवसांत उत्तर न आल्यास बाकी मान्य समजू.’ ही ओळ फारशी कामाची नाही. मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार, वसुलीची मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. गप्प बसणं म्हणजे सही नव्हे.

फरक कुठे आहे, ते आधी शोधा

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका फर्मच्या वहीत ३१ मार्चला कंपनीकडून ४,८२,००० रुपये येणे आहे. कंपनीच्या वहीत देणे ४,३१,६०० रुपये. फरक ५०,४०० रुपयांचा. दोन्ही उतारे शेजारी ठेवले, की तीन नोंदी सापडतात.

१. वाटेतला माल, २४,७८० रुपये: बिल ३० मार्चचं, माल पोहोचला २ एप्रिलला. हा वाद नाहीच. कंपनीच्या एप्रिलच्या उताऱ्यात बिल दिसलं की फरक मिटतो. सोबत पोहोच-चलन जोडावं.

२. टीडीएस, २,०२० रुपये: जॉबवर्कच्या १,०१,००० रुपयांवर कंपनीने २ टक्के कापले, फर्मने नोंदच केली नाही. फॉर्म २६एएस मध्ये रक्कम दिसली, तर फर्मने आपली वही दुरुस्त करावी.

३. डेबिट नोट, २३,६०० रुपये: खरा वाद इथे आहे. नाकारलेल्या मालाचे २०,००० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ३,६००. तपासणी अहवाल आणि परत आलेल्या मालाचं चलन मागावं. कंपनीचं म्हणणं पटलं, तर क्रेडिट नोट काढावी. मात्र, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ती जीएसटी रिटर्नमध्ये दाखवावी लागते. मुदत हुकली, तर ३,६०० रुपयांचा कर फर्मच्याच माथी बसतो.

नुसता पिवळा रंग का पुरत नाही?

काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये पिवळा रंग जवळपास दिसतच नाही. म्हणून प्रत्येक रंगवलेल्या ओळीसमोर शेऱ्याचा रकाना हवा: फरक किती, कारण काय, कागद कोणता हवा.

पत्रात काय लिहावं?

‘खाते जुळवून द्या’ एवढंच लिहिलं, तर कंपनीचा अकाउंट्स विभाग संपूर्ण पेमेंट अडवून ठेवू शकतो. त्यापेक्षा रक्कम सरळ दोन भागांत मांडावी:

‘४,३१,६०० रुपयांबाबत दोन्ही वह्या जुळतात. त्यावर सही-शिक्का देऊन ठरल्या तारखेला पेमेंट करावे. उरलेल्या ५०,४०० रुपयांच्या तीन नोंदी रंगवल्या आहेत. त्यावर कागदपत्रांसह उत्तर द्यावे.’

२३,६०० रुपयांच्या भांडणापायी सव्वाचार लाखांहून अधिक रक्कम अडकून पडू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.