मथळ्यातून गळालेला तिसरा माणूस

आमच्या वर्गातील तीन-चार मित्रांनी मिळून यूट्यूबवर एक वाहिनी चालविली आहे. महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धा, गावची जत्रा, पाणीटंचाई असे विषय ते घेतात. परवा संध्याकाळी सात वाजता वसतिगृहात ते जमले, ते मात्र वेगळ्याच कारणाने. सर्वांच्या फोनवर एक चित्रफीत आली होती. तीत एका बाईला लोकांनी घेरले आहे आणि खाली लिहिले आहे, ‘मुले पळवणारी टोळी आपल्या तालुक्यात.’ एकजण म्हणाला, “आठच्या आत टाकू या. उद्या सगळेच टाकतील, मग आपला कोण बघणार?” मथळा सुचविण्याचे काम माझ्याकडे आले. त्या रात्री जो वाद झाला, त्यातून माझे जे मत बनले ते येथे मांडतो.

मला त्या वेळी गडचिंचले आठवले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील या गावी जमावाने एक मोटार अडविली. मुंबईच्या कांदिवलीहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक तीत होते. त्या भागात चोरांच्या व मुले पळविणाऱ्यांच्या अफवा काही दिवस फिरत होत्या. पोलिस आले होते, तरीही तिघे मारले गेले. पुढे दोन-तीन दिवसांनी त्या मारहाणीच्या चित्रफिती देशभर पसरल्या आणि घराघरांतून त्यावर व्हिडिओ निघू लागले.

त्या दिवशी व्हिडिओ करणाऱ्याच्या हाती काय होते? चित्रफितीत जमाव दिसत होता, गणवेशातला पोलिस दिसत होता, मार खाणारी माणसे दिसत होती. मारणारे कोण आणि का मारीत होते, हे चित्रफितीत कोठेच नव्हते. पण मथळ्याला ‘का’ हवा असतो. तो नसला की माणूस तो कल्पनेने भरतो. चित्रफितीत ‘ओय, बस’ असा एक आवाज आहे. तो काहींनी ‘शोएब’ असा ऐकला आणि त्या एका ऐकण्यावर एका धर्माच्या लोकांना आरोपी करून टाकले. 22 एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून, यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. तोवर चुकीचा मथळा लाखोंच्या नजरेखालून गेला होता.

यापेक्षा लहान, म्हणून सहज सुटणारी, अशी आणखी एक चूक आहे. अनेक मथळ्यांत ‘दोन साधूंची हत्या’ असेच होते. मेले तीनजण. तिसरा, तिशीतला चालक, मथळ्यातून गळाला. हे वाक्य खोटे नव्हते, कारण साधू दोनच होते. पण ते अपुरे होते, आणि अपुरेपणाची दिशा ठरलेली होती. चालकाला धरले की घटना ‘अफवेने पेटलेल्या जमावाने प्रवासी मारले’ अशी दिसते. त्याला सोडले की ती ‘साधूंवर हल्ला’ एवढीच उरते. एका आकड्याने गोष्टच बदलते.

मग त्या दिवशी मथळा कसा द्यावयाचा? माझ्या मते असा: ‘गडचिंचले (पालघर): जमावाच्या मारहाणीत तिघे ठार, पोलिस हजर, शंभरावर ताब्यात.’ यात स्थळ आहे, खरा आकडा आहे, आणि पोलिसांना अडचणीचे असले तरी चित्रफितीत दिसणारे सत्यही आहे. ‘का’ नाही, कारण तो आपल्याला ठाऊक नव्हता. पोलिसांनी कारण सांगितले असेल, तर ‘पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे’ हे शब्द मथळ्यातच यावेत. ‘साधूंच्या हत्येमागे कोण?’ असा प्रश्नार्थक मथळा काहीजणांना सावध वाटतो. मला तो सर्वांत वाईट वाटतो. व्हिडिओत त्या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि वाचणारा ते आपल्या मनातल्या द्वेषातून काढतो.

आता आमच्या वसतिगृहातील चित्रफितीकडे वळतो. व्हिडिओ करावयाचा की नाही, हे ठरविण्यास आम्हाला चाळीस मिनिटे पुरली. चित्रफीत थांबवून एकेक चित्र पाहिले. मागच्या दुकानाच्या पाटीवरची लिपी देवनागरी नव्हती. उभ्या रिक्षाचा रंगही आमच्याकडचा नव्हता. एका स्थिर चित्राचा इंटरनेटवर प्रतिमाशोध घेतला, तर तेच चित्र फार जुन्या तारखेसह सापडले. नंतर तालुक्याच्या पोलिस ठाण्यास दूरध्वनी केला. अशी तक्रारच नाही, असे उत्तर मिळाले. अशा चित्रफिती दूरवरून येतात, हे नवे नाही. 2018 मध्ये जी चित्रफीत मुले पळविण्याचा पुरावा म्हणून फिरली, ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. तिचा खुलासा करणारा शेवट कापलेला होता. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना अशाच अफवेने जमावाने ठार केले.

एवढे कळल्यावर, “मग ही अफवा खोटी आहे, असाच व्हिडिओ करू या,” असे ठरले. मित्राने मथळा लिहिला: ‘मुले पळवणारी टोळी तालुक्यात आल्याच्या अफवेत तथ्य नाही, पोलिसांचा खुलासा.’ वाक्य निर्दोष होते. परंतु फोनच्या पडद्यावर लांब मथळ्याचा शेवट कापला जातो. आम्ही तो लावून पाहिला, तेव्हा दिसले एवढेच: ‘मुले पळवणारी टोळी तालुक्यात आल्याच्या…’ म्हणजे अफवा खोडणारा आमचा व्हिडिओच ती अफवा घरोघर पोचविणार होता! कारण यादी चाळणारे बहुतेकजण व्हिडिओ उघडत नाहीत, मथळा वाचून पुढे जातात. म्हणून शब्दांची उलटापालट केली: ‘खोटी चित्रफीत: आपल्या तालुक्यात अशी तक्रार नाही, पोलिसांची माहिती.’ मथळ्याशेजारच्या चित्रात त्या बाईचा चेहराही घेतला नाही. ती निरपराध असेल, तर तिची दुसऱ्यांदा धिंड काढण्याचा आम्हाला काय अधिकार?

“चुकले तर नंतर मथळा बदलू,” हा युक्तिवादही त्या रात्री झाला. यूट्यूबवर मथळा बदलता येतो हे खरे. पण चढविलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवता येत नाही; बोललेले चुकले, तर तो भाग कापावा लागतो किंवा सगळा व्हिडिओ काढून नव्याने चढवावा लागतो. शिवाय पहिल्या मथळ्याचे छायाचित्र कोणीतरी फोनमध्ये घेतलेले असते, ते दुरुस्त करावयाला आपण कोठे कोठे जाणार? चूक झालीच, तर मथळा गुपचूप बदलू नये. ‘दुरुस्ती’ हा शब्द आणि तारीख मथळ्यात घालावी, आणि काय चुकले होते ते पहिल्या टिप्पणीत स्पष्ट लिहावे.

आमचा व्हिडिओ आठ वाजता नाही, दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेला. तो फारसा कोणी पाहिला नाही, आणि मित्र अजून त्याबद्दल मला टोमणे मारतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही: उशीर केला, तर खोटे त्या रात्रभर मोकळे फिरते. म्हणून माझा आग्रह उशिराचा नाही. पाटी वाचणे, चित्र शोधणे आणि एक दूरध्वनी एवढे चाळीस मिनिटांत झाले होते. तेवढे झाल्यावर रात्री नऊलाही व्हिडिओ टाकता आला असता, हे मी त्यांच्यापाशी कबूल केले आहे. पण ती चाळीस मिनिटे ज्याला देता येत नाहीत, त्याने त्या रात्री व्हिडिओ करू नये, असे माझे मत आहे.