लेखापरीक्षकानेच संस्थेकडून सल्ल्याची फी घेण्यास मनाई करण्याबाबत निवेदन

दिनांक : 8 जानेवारी 2024

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

मार्फत : मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था

विषय : पतसंस्थेच्या वैधानिक लेखापरीक्षकाने त्याच संस्थेकडून सल्ला शुल्क घेणे थांबवणे आणि आमच्या संस्थेचे सन 2022-23 चे चाचणी लेखापरीक्षण करणे.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे 43 जण तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी पतसंस्थेचे सभासद आहोत. संस्थेचे व लेखापरीक्षकाचे नाव सोबतच्या बंद लखोट्यात दिले आहे. चौकशी होण्याआधी कोणाच्या नावाची गावभर चर्चा व्हावी, असे आम्हाला वाटत नाही.

वार्षिक सभेत आम्ही लेखापरीक्षकाची फी 1,20,000 रुपये मंजूर केली होती. अहवालातील नफा-तोटा पत्रकात मात्र ‘व्यावसायिक फी’ या नावाखाली आणखी 9,36,000 रुपये दिसले. ही रक्कम कोणाला दिली, असे सभेत विचारले तेव्हा ‘वसुलीचे तज्ज्ञ आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. मग कलम 32 खाली अर्ज करून बिलांच्या नकला घेतल्या. दरमहा 60,000 रुपयांची बारा बिले ‘एनपीए वर्गीकरण व वसुली सल्ला’ यासाठी होती आणि 2,16,000 रुपयांचे एक बिल संगणक प्रणालीतील खाती जुळवण्यासाठी. बिले एका सल्लागार फर्मची आहेत. फर्मचा पत्ता लेखापरीक्षकाच्या कार्यालयाचाच आहे आणि भागीदारांत त्यांच्या पत्नीचे नाव आहे. म्हणजे तपासणीसाठी एक रुपया मिळत असेल, तर सल्ल्यासाठी जवळपास आठ रुपये त्याच दारातून आत जात होते.

रकमेपेक्षाही ती कोण देतो, हे महत्त्वाचे आहे. लेखापरीक्षकाची नेमणूक शासनाच्या नामतालिकेतून सर्वसाधारण सभा करते आणि त्याची फी सभा मंजूर करते. सल्लागार मात्र संचालक मंडळ नेमते, दरमहाच्या बिलावर मंजुरीची सही तेच करते आणि मनात आले तर पुढच्या महिन्यापासून ते बिल बंदही करू शकते. ज्यांचे व्यवहार तपासायचे, त्यांच्याच हातात तपासणाऱ्याचे मोठे उत्पन्न आहे. सल्ल्याचे काम बंद होण्याच्या भीतीने कोणी शेरा मऊ केला, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच अशी नाती आधीच तोडावी लागतात.

आमच्या संस्थेत काय झाले, ते एका खात्यावरून सांगतो. एका व्यापाऱ्याच्या कर्जखात्यावर मुद्दल 11,40,000 आणि थकीत व्याज 2,15,000, असे 13,55,000 रुपये येणे होते. 28 मार्च 2023 रोजी त्याच व्यापाऱ्याला 13,60,000 रुपयांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच दिवशी ट्रान्सफर व्हाउचरने जुने खाते बंद झाले आणि उरलेले 5,000 बचत खात्यात गेले. किर्दीत एक रुपयाही रोख जमा नाही. गावाकडे याला ‘नवे-जुने’ म्हणतात. 31 मार्चला हे कर्ज तीन दिवसांचे, नियमित कर्ज म्हणून यादीत आले, त्यामुळे त्यावर एनपीएची तरतूद करावी लागली नाही. शिवाय न आलेले 2,15,000 रुपये व्याज उत्पन्नात धरले गेले. अशी आणखी तीन खाती आम्हाला सापडली.

हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील नवी कर्जे आणि त्याच तारखांना बंद झालेली जुनी कर्जे शेजारी ठेवायची आणि नावे जुळवायची. आमच्यापैकी एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी हे काम दोन दुपारींत केले. लेखापरीक्षण अहवालात मात्र ‘वर्गीकरण योग्य आहे’ असा शेरा असून संस्थेला ‘अ’ वर्ग आहे.

वर्गीकरणाची ती यादी सल्लागार फर्मनेच तयार केली होती. फर्मच्या यादीत एका स्तंभावर ‘जामीनदार’ऐवजी ‘जमीनदार’ असे छापले आहे. लेखापरीक्षण अहवालाच्या परिशिष्टातही तोच स्तंभ आहे आणि तिथेही सगळे जामीनदार जमीनदार झाले आहेत. हसू येते, पण त्यातून कळते की यादी तपासली गेली नाही, उचलून चिकटवली गेली. स्वतः केलेल्या वर्गीकरणाला चुकीचे म्हणायचे, तर आधी स्वतःच्याच बिलाला चुकीचे म्हणावे लागेल.

ही अडचण जगाला नवी नाही. दाभोळमुळे महाराष्ट्राच्या ओळखीच्या झालेल्या एन्रॉन कंपनीने 2000 या वर्षात आपल्या लेखापरीक्षक फर्मला तपासणीसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर आणि इतर कामांसाठी सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर दिले होते. पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि 2002 मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. आपल्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 144 ने हिशेब लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण, वित्तीय माहिती प्रणाली उभारणे, व्यवस्थापन सेवा अशी कामे लेखापरीक्षकाला मना केली. नातेवाइकामार्फत किंवा भागीदाराच्या दुसऱ्या फर्ममार्फत ती करण्याची वाटही तिथे बंद आहे. पण ते कलम कंपन्यांसाठी आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने इतर कामांची फी लेखापरीक्षणाच्या फीपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा घातली आहे. तीही सरकारी व सूचिबद्ध कंपन्या आणि 50 कोटी किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या सार्वजनिक कंपन्या यांच्यापुरतीच आहे. शिवाय आपल्या नामतालिकेत जी.डी.सी. अँड ए. उत्तीर्ण प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. ते सनदी लेखापाल नसतील, तर त्या संस्थेची आचारसंहिता त्यांना लागू होत नाही. आमचे लेखापरीक्षक त्यांपैकीच आहेत.

सलग तीन वर्षांनंतर लेखापरीक्षक बदलावा लागतो, ही तरतूद चांगली आहे. पण दोन कार्यालयांनी ठरवले, तर एकाने तीन वर्षे तपासायचे आणि दुसऱ्याने सल्ला द्यायचा, मग खुर्च्या बदलायच्या, असे सहज होऊ शकते.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. नामतालिकेवरील लेखापरीक्षकाने, त्याच्या जवळच्या नातेवाइकाने अथवा भागीदारी असलेल्या फर्मने तो तपासत असलेल्या संस्थेचे हिशेब लिहिणे, कर्जवर्गीकरण, कर्ज छाननी, अंतर्गत तपासणी, वसुली सल्ला आणि संगणक प्रणाली ही कामे घेऊ नयेत, असे परिपत्रक काढावे. आधीच्या तीन वर्षांत अशी कामे केली असल्यास नेमणूक स्वीकारता येऊ नये. आयकर विवरणपत्र भरणे किंवा कायद्याने लागणारी प्रमाणपत्रे देणे याला आमचा विरोध नाही. लहान गावात लेखापरीक्षक मोजकेच असतात, हे आम्हाला कळते.

2. नेमणुकीच्या ठरावासोबत तसे लेखी घोषणापत्र घ्यावे. खोटे आढळल्यास नाव नामतालिकेतून काढावे.

3. वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाला व त्याच्याशी संबंधित सर्वांना दिलेली एकूण रक्कम एका वेगळ्या ओळीत, नावासह छापण्याची सक्ती करावी. ‘व्यावसायिक फी’ या नावाखाली ती दडवता येऊ नये.

4. आमच्या संस्थेचे सन 2022-23 चे चाचणी लेखापरीक्षण कलम 81 अन्वये बाहेरच्या जिल्ह्यातील लेखापरीक्षकाकडून करावे. त्यात मार्च 2023 मधील सर्व नव्या कर्जांची बंद खात्यांशी तारीखवार पडताळणी व्हावी. तोवर संबंधित फर्मचे मासिक बिल अदा करू नये, असे संचालक मंडळाला कळवावे.

पुढच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा विषय पुन्हा येणार आहे. त्यापूर्वी चौथ्या मागणीवर निर्णय व्हावा आणि तो आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

सोबत : तेरा बिलांच्या नकला, चार कर्जखात्यांचे उतारे, 28 मार्च 2023 ची ट्रान्सफर व्हाउचरे, आणि फर्मची यादी व अहवालाचे परिशिष्ट (‘जमीनदार’ या शब्दावर दोन्हीकडे लाल शाईने खूण केली आहे).

आपले विश्वासू,
सभासद (43 सह्या, सभासद क्रमांकांसह)