न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

लातूरच्या माझ्या नणंदेनं घरकर्जासाठी सिबिलचा अहवाल काढला, तर त्यात तिनं कधी न घेतलेलं मोबाइलचं कर्ज, वर दोन हप्ते थकलेले! "वहिनी, भरूनच टाकते, कटकट मिटेल," ती म्हणाली. नांदेडहून मी तडक गेले. भरलं की कर्ज कबूल केल्यासारखं होतं, अन् उशिराची नोंद तशीच राहते. खातेक्रमांक देऊन सिबिलकडे ऑनलाइन हरकत घेतली, फायनान्स कंपनीलाही लेखी कळवून पोच घेतली. कारण कंपनीनं चूक मान्य केल्याशिवाय सिबिल नोंद खोडत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तिची नोंद २४व्या दिवशी गेली. मैत्रिणींनो, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. कर्ज मागायच्या आधीच तो बघायला नको का?