शेंकडा नफा, पण कशावर ?

अंकगणिताच्या शालेय पुस्तकांत नफातोट्याच्या प्रकरणाचा पहिलाच दंडक असा असतो कीं, शेंकडा नफा नेहमीं खरेदीच्या किंमतीवर काढावयाचा. तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांकडून हा दंडक घोकून घेतला. पुस्तकापुरता तो निर्दोष आहे. परंतु बाजारांत पाऊल टाकतांच दुसराच एक शेंकडा भेटतो, आणि तो विक्रीच्या किंमतीवर मोजलेला असतो. व्यापारी लोक पहिल्याला मार्कअप म्हणतात आणि दुसऱ्याला मार्जिन. दोहोंपुढें टक्क्याचें चिन्ह तेंच, बोलण्यांत शब्दहि पुष्कळदां एकच, "इतके टक्के सुटतील." ज्या घरांतील एखादा मुलगा किंवा पुतण्या दुकान काढण्याच्या विचारांत असेल, त्या घरांत हा भेद आधींच उलगडलेला बरा.

लीलावतींत त्रैराशिकाच्या राशींना प्रमाण, फल व इच्छा अशीं नांवें आहेत. येथें सारी मेख प्रमाणांत आहे. शंभर हें प्रमाण खरेदीचें धरावयाचें कीं विक्रीचें, एवढाच काय तो प्रश्न. नफ्याचे रुपये तेच राहतात. शेंकडा मात्र बदलतो.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं फोनांचें दुकान चालवितो. त्याच्या धंद्यावरून एक उदाहरण रचतों. आंकडे हिशेबास सोपे असावेत म्हणून मीं निवडले आहेत; नव्या फोनांत इतकें क्वचितच सुटतें, असें त्याचें म्हणणें आहे. फोन ठराविक ११,८०० रुपयांस विकावयाचा आहे. फोनावर १ एप्रिल २०२० पासून शेंकडा १८ वस्तु व सेवा कर आहे. तो ठराविक किंमतीच्या पोटांतच असतो. तेव्हां ११,८०० पैकीं १,८०० कराचे व दुकानदाराची खरी विक्री १०,००० ची. घाऊक व्यापाऱ्यानें तोच फोन कर न धरतां ९,००० रुपयांस दिला. नफा एक हजार. आतां हा हजार खरेदीच्या नऊ हजारांचा नववा भाग आहे, म्हणजे शेंकडा ११.११, तोच विक्रीच्या दहा हजारांचा दहावा भाग आहे, म्हणजे शेंकडा १०. खरेदीचे नऊ भाग आणि नफ्याचा एक मिळून विक्रीचे दहा भाग होतात, म्हणून खरेदीचा जो नववा तो विक्रीचा दहावा. त्याच न्यायानें खरेदीचा चौथा भाग तो विक्रीचा पांचवा. ही युक्ति ध्यानांत असली तर कागद-पेन्सिलीची फारशी गरज पडत नाहीं.

येथें एक खड्डा आहे, तो आधींच दाखवितों. घाऊक व्यापारी बोलतांना "नऊ हजार" म्हणतो, तें कर सोडून. आणि दुकानदाराच्या डोळ्यांपुढें खोक्यावरचे ११,८०० असतात, ते कर धरून. वजाबाकी केली कीं २,८०० सुटल्याचा भास होतो. एक तर दोन्ही किंमती कर सोडून घ्याव्या, नाहीं तर दोन्ही कर धरून घ्याव्या. कर धरून खरेदी १०,६२० होते व फरक १,१८० चा दिसतो. शेंकडे तेच येतात, पण त्या १,१८० मधील १८० सरकारचे आहेत, दुकानदाराचे नव्हेत.

आतां या भेदानें पैसा कसा जातो तें पाहूं. समजा, त्याच फोनासाठीं दोन घाऊक व्यापारी दारीं आले. पहिला म्हणाला, "खरेदीवर अकरा टक्के सुटतील." दुसरा म्हणाला, "विक्रीवर साडेदहा देतों." अकरा मोठे म्हणून पहिल्याकडे माल नोंदविण्याचा मोह कोणासहि होईल. पण पहिल्याची खरेदी पडेल दहा हजारांस १.११ नें भागून, म्हणजे ९,००९ रुपये, नफा ९९१. दुसऱ्याची खरेदी ८,९५०, नफा १,०५०. मोठ्या आंकड्याच्या मागें गेलेला दुकानदार फोनामागें ५९ रुपये गमावतो. महिन्यास चाळीस फोन विकले तर २,३६०. गांवातील लहान दुकानाच्या विजेच्या बिलास ही रक्कम बहुधा पुरावी. हा तोटा वहींत कोठेंहि तोटा म्हणून लिहिला जात नाहीं, म्हणूनच तो वर्षानुवर्षें चालू राहूं शकतो. यावर उपाय म्हणजे व्यापाऱ्याशीं टक्क्यांत बोलूंच नये. "कर सोडून बिलांत किती रुपये पडतील ?" असें विचारावें व तो आंकडा लिहून घ्यावा.

मग पुस्तकांतला दंडक टाकून द्यावा काय ? मुळींच नाहीं. घरीं चकल्या करून विकणारी गृहिणी भाजणी, तेल व गॅस यांचा खर्च काढते आणि त्यावर कांहीं चढवून आपला भाव ठरविते. तिचा हिशेब खरेदीपासून वर चढतो, म्हणून तिला मार्कअपच सोयीचा. फोनवाल्याचें उलट आहे. खोक्यावर छापलेल्या कमाल किंमतीपेक्षां अधिक घेण्यास २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनीं बंदी आहे, आणि येथें आपण विक्रीचा दर ठरलेलाच धरला आहे. त्यास वरून खालीं उतरत खरेदीकडे यावयाचें असतें. म्हणून त्याचें प्रमाण विक्री.

शिवाय त्याच्या नफ्याला जे उंदीर लागतात ते बहुतेक विक्रीच्या आंकड्यालाच कुरतडतात. गिऱ्हाईक सूट मागतें तें विक्रीच्या किंमतीवर. "आपल्याला अकरा टक्के सुटतात, पांच सोडले तरी सहा उरतील," असें मनांत म्हणून दुकानदारानें पांच टक्के सोडले तर काय होतें ? अकरा होते नऊ हजारांवरचे आणि पांच आहेत दहा हजारांवरचे. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची ही तशीच वजाबाकी झाली. पांच टक्क्यांनीं कर सोडून पांचशें गेले. हजाराचे पांचशें उरले, म्हणजे नफा निम्मा झाला; तोच पूर्वींचा हजार मिळविण्यास आतां एकाऐवजीं दोन फोन विकले पाहिजेत. मार्जिनाच्या दहांतून पांच वजा केले असते तर हें एका दृष्टिक्षेपांत दिसलें असतें. हप्त्यांवर किंवा कार्डानें पैसे घेतांना कापली जाणारी रक्कम तर कर धरून मिळालेल्या साऱ्या पैशांवर मोजतात. दोन टक्के धरले तर ते ११,८०० चे २३६ होतात, दहा हजारांचे २०० नव्हेत.

फोनाच्या शेजारीं टांगलेल्या कव्हरांची गंमत निराळी आहे. चाळीस रुपयांचें कव्हर दोनशेंस गेलें तर मार्कअप ४०० टक्के आणि मार्जिन ८०. मार्कअपाला वर मर्यादा नाहीं; मार्जिन मात्र माल फुकट मिळाल्यावांचून कधींहि शंभरावर पोंचत नाहीं. कोणी "शंभर टक्के मार्जिन" सांगूं लागला तर तो मार्कअपच सांगत आहे असें समजावें. त्याचें मार्जिन पन्नास.

एक गोष्ट मात्र या दोन्ही शेंकड्यांत दिसत नाहीं. ती म्हणजे माल कपाटांत किती दिवस पडून राहिला ही. नवा नमुना बाजारांत आला कीं जुन्याचा दर उतरवितात. आपला फोन ११,८०० वरून ११,२१० वर आला तर कर सोडून विक्री ९,५०० ची झाली. गिऱ्हाइकानें तोंडहि उघडलें नाहीं आणि पांच टक्क्यांची सूट देऊन झाली. कपाटांत असे बारा नग शिल्लक असतील तर सहा हजार रुपये गेले. असा दर उतरल्यास शिलकी मालाची भरपाई मिळेल काय, किती दिवसांत, आणि ती खरेदीच्या दरांतील फरकाची कीं विक्रीच्या, हें घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलण्यापूर्वींच लिहून घ्यावें लागतें.