मे लागायच्या आत कोठ्याचं टिन झाका

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतील पशुपालक व कोंबडीपालक बंधू-भगिनींना कळकळीची विनंती.

एप्रिल लागला आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो, आणि तेही सावलीतलं तापमान. कोठ्यावरचं टिन भर दुपारी 60 अंशांच्याही वर तापतं. आपण ढोरं उन्हातून आत आणून बांधतो, पण डोक्यावरचा पत्रा तापल्या तव्यासारखा दुपारभर त्यांच्या पाठीवर धग सोडत राहतो. म्हशीला घाम कमी येतो आणि कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नसतात. संकरित गाय आधी चारा सोडते, मग दूध कमी करते. म्हणून पंखा घेण्याआधी छपराकडे बघा.

नवं चकचकीत टिन तापत नाही, हा समज सोडा. ते थोडंफार ऊन परतवतं, पण उघडा धातू एकदा तापला की आपली उष्णता आकाशाकडे सहज सोडत नाही. चुन्याचा थर दोन्ही कामं करतो. खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी एकच पत्रा चुन्याने रंगवा. उद्या दुपारी दोन वाजता आतून आधी त्या पत्र्याजवळ आणि मग शेजारच्या कोऱ्या पत्र्याजवळ हाताची मागची बाजू न्या. फरक सांगायला कुणी लागणार नाही.

20 फूट लांब, 10 फूट रुंद छपराला दोन हात द्यायला साधारण 5 किलो विझवलेला चुना, 10 लिटर पाणी आणि अर्धा लिटर फेविकॉल पुरतं. कोंबड्यांच्या मोठ्या शेडला याच प्रमाणात माल वाढवा. चुना रात्री भिजवून सकाळी कापडाने गाळा, नाहीतर फवारणीचा पंप तुंबतो. आधी टिन झाडून धुवा, कारण धुळीवर मारलेला चुना आठवड्यात पोपडे धरतो. काम सकाळी किंवा दिवस कलल्यावर करा. तापल्या पत्र्यावर चुना टेकताच वाळतो आणि धरत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, गव्हाणी आणि पाण्याची भांडी झाकून ठेवा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका. तो माणसाचं वजन घेत नाही, असे पडून लोक जिवाला मुकले आहेत. त्याला शिडीवरून लांब दांड्याच्या ब्रशने रंगवा. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दर उन्हाळ्याला करायचं आहे.

चार-पाच जनावरांच्या कोठ्याला याहून चांगला उपाय आपल्या धुऱ्यावरच पडलेला आहे. तुराट्यांच्या मोळ्या पत्र्याच्या पन्हाळीला आडव्या टाका, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर गवताचा किंवा खराब कडब्याचा सहा इंचांचा थर द्या. वरून जुनी जाळी टाकून ती दोरीने वाशांना घट्ट बांधा, कारण मे महिन्यातल्या वावटळीत मोकळा थर टिकत नाही. सोयाबीनचं कुटार वर टाकू नका. ते उडतं, आणि त्याची खरी जागा गव्हाणीत आहे. विजेची तार छपराला टेकत असेल तर आधी ती हलवा. तिथे एक ठिणगी पुरते.

एक चूक मात्र फार घरांत होते. ऊन आत येऊ नये म्हणून चारही बाजूंना ओले बारदान लटकवून कोठा बंद केला जातो. त्याने आत दमट वाफ कोंडते, मुताचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो आणि जनावर जास्त धापा टाकतं. बारदान फक्त पश्चिमेला लावा आणि छपराजवळची वरची फट उघडी ठेवा. कोंबड्यांच्या शेडमध्ये हवा हलत नसेल तर फवारे सुरू ठेवू नका.

छप्पर झाकल्यावरही दुपारी गाईच्या कुशीकडे बघून एक मिनिट श्वास मोजा. 60 च्या पुढे गेले तर तिला ताण आहे. 80 च्या पुढे जाऊन तोंड उघडं पडलं, लाळ गळू लागली, तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि पशुवैद्यकाला बोलवा. टोल-फ्री क्रमांक 1962 आहे. कोंबड्यांत पाच आठवड्यांच्या वरचे जड पक्षी आधी जातात. ते पंख पसरून चोच उघडी ठेवू लागले की दुपारचं खाद्य उचला आणि गार पाणी द्या.

मृग लागायच्या आत छपरावरचा थर उतरवा. भिजलेल्या गवताचं वजन वाशांना पेलत नाही आणि खालचं टिन सडतं. पण आधी तो चढवा. या आठवड्यात चुना आणा, तुराट्या पेटवून देऊ नका, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या कोठ्यावर चढायला कुणी नसेल तर तेही काम आपल्याच हाताने करा.